आंशिक अपूर्णांक: x = 0 ला ताळा जुळतो, तरी उत्तर चूक?

रानजाई

नमस्कार मंडळी. लेक बारावी सायन्सला आहे, इंटिग्रेशन चालू आहे आणि त्यातल्या पार्शल फ्रॅक्शनने दोन दिवस घरातली शांतता घालवलीय. मी बीएस्सी केलंय पण त्याला वीस वर्षं होऊन गेली, नंतर बँकेत लागले आणि व्याजाच्या पलीकडचं गणित सुटलंच, म्हणून इथे विचारतेय.

गणित असं:

(4x² + 3x + 2) / ((x − 1)(x + 2)²)

तिने याचे तुकडे A/(x − 1) + B/(x + 2) + C/(x + 2)² असे मांडले. मग सगळं छेदाने गुणून

4x² + 3x + 2 = A(x + 2)² + B(x − 1)(x + 2) + C(x − 1)

इथपर्यंत आली. x = 1 टाकून A = 1 काढला, x = −2 टाकून C = 4 काढला, आणि B राहिला म्हणून x = 0 टाकला तर 2 = 4 − 2B − 4 म्हणजे B = −1.

क्लासच्या नोट्सच्या शेवटी उत्तर दिलंय A = 1, B = 3, C = −4. म्हणून तिने ताळा केला. मूळ अपूर्णांकात x = 0 टाकला तर 2/(−4) म्हणजे −1/2. तिच्या उत्तरात टाकला तर −1 − 1/2 + 1, तेही −1/2. जुळलं! आता ती म्हणते नोट्स चुकीच्या आहेत, आणि मला तिच्याशी वाद घालायला काही हातात नाही.

गणोबा

ताळा जुळला ना, मग झालं की. क्लासच्या नोट्समध्ये चुका ढिगाने असतात, मी स्वतः क्लासमध्ये प्रूफं तपासायचं काम केलंय कॉलेजात असताना, रात्री अकराला उत्तरांची पानं कोण नीट बघतंय. आणि एक नक्की, A B C ची जोडी एकच असते, दोन वेगळी उत्तरं दोन्ही बरोबर असूच शकत नाहीत. तुमचं जुळलंय म्हणजे त्यांचं चुकलंय.

रानजाई

गणोबा, तुमचं वाचून म्हटलं नोट्सचं उत्तरही टाकून बघू. x = 0 ला −1 + 3/2 − 1. तेही −1/2 येतंय हो! आता काय करायचं?

पाऊसवेडा

ताई घाबरू नका, इंटिग्रेशनमध्ये असं नेहमी होतं. दोन उत्तरं वेगळी दिसतात पण फरक फक्त C चा असतो, आणि तो C काहीही असू शकतो. कधी लॉगमधला एखादा आकडा त्या C मध्ये मुरतो. खात्री करायची तर दोन्ही उत्तरांचं डिफरन्शिएशन करा, मूळ फंक्शन परत आलं की दोन्ही बरोबर.

रानजाई

अहो पाऊसवेडा, हा C तो C नाही! हा (x + 2)² च्या डोक्यावरचा C आहे, इंटिग्रेशनपर्यंत तर आम्ही पोचलोच नाही अजून.

पाऊसवेडा

अरेच्चा. धावत्या लोकलमध्ये वाचलं, माफी. C दिसला की हात आपोआप "प्लस सी" लिहितो.

कोपऱ्यातला_खडू

रानजाई ताई, नोट्स बरोबर आहेत, मुलीचं चुकलंय. पण तिची चूक बारीक आहे आणि ताळा का जुळला हे समजणं चुकीपेक्षा जास्त मोलाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, त्यामुळे लांबण लावायची सवय आहे, सांभाळून घ्या.)

आधी चूक. x = −2 टाकल्यावर डावीकडे 16 − 6 + 2 = 12. उजवीकडे A आणि B ची पदं गळून पडतात आणि C(x − 1) राहतं, म्हणजे C गुणिले उणे तीन. तिने बहुतेक उणे विसरून 12 = 3C लिहिलं असणार. खरं तर 12 = −3C, C = −4.

आता ताळा. तिने B काढला कशाने, तर x = 0 टाकून. म्हणजे C = 4 हा चुकीचा आकडा हातात धरून, x = 0 ला दोन्ही बाजू जुळतील असाच B तिने निवडला. मग त्याच x = 0 ला ताळा बघितल्यावर तो न जुळून जाईल कुठे? C च्या जागी 400 धरला असता तरी B तसा वेडावाकडा आला असता आणि x = 0 ला ताळा जुळलाच असता. याला ताळा म्हणत नाहीत, आपणच लिहिलेली ओळ पुन्हा वाचणं म्हणतात.

म्हणून जी किंमत स्थिरांक काढायला वापरली ती ताळ्याला वापरायची नाही. इथे 1, −2 आणि 0 तिन्ही खर्च झाल्यात, चौथी घ्या. x = 2 घेऊ. मूळ अपूर्णांक: 16 + 6 + 2 = 24, छेद 1 × 16, म्हणजे 3/2. नोट्सचं उत्तर: 1 + 3/4 − 4/16 = 3/2. मुलीचं: 1 − 1/4 + 4/16 = 1. अर्ध्या मिनिटात निकाल लागला.

रानजाई

बापरे, खडू सर, अगदी तेच! वही बघितली, 12 = 3C लिहिलंय. लेक म्हणतेय "शीऽऽ". मनापासून आभार.

पण मग एक शंका. x = 2 ला जुळलं म्हणजे तरी बरोबर याची काय गॅरंटी? x = 0 ने फसवलं तसं x = 2 पण फसवू शकेल ना?

गणोबा

हो मला पण हेच विचारायचंय. माझा वरचा सल्ला मागे घेतो, पण मग एक किंमत टाकून बघण्यात अर्थ काय राहिला?

कोपऱ्यातला_खडू

दोघांचाही प्रश्न रास्त आहे. त्यासाठी मुलीचे तुकडे परत एकत्र करून बघा, म्हणजे समान छेद घेऊन बेरीज. अंश येतो

(x + 2)² − (x − 1)(x + 2) + 4(x − 1)
= x² + 4x + 4 − x² − x + 2 + 4x − 4
= 7x + 2

यायला हवं होतं 4x² + 3x + 2. दोन्हींत सारखं काय आहे? फक्त शेवटचा 2. आणि x = 0 टाकल्यावर x असलेली पदं सगळी उडतात, उरतो तो शेवटचा आकडाच. म्हणजे x = 0 चा ताळा हा फक्त त्या 2 चा ताळा होता, x² आणि x पुढे काय आहे ते त्याला दिसतच नाही.

आता खऱ्या अंशातून चुकीचा वजा करा: 4x² + 3x + 2 − 7x − 2 = 4x² − 4x = 4x(x − 1). हे कुठे शून्य होतं? x = 0 ला आणि x = 1 ला. म्हणजे तिचं चुकीचं उत्तर फसवू शकत होतं ते याच दोन ठिकाणी, आणि या दोन्ही किंमती तिने A आणि B काढायला वापरल्या होत्या! तिसरी, −2, तिथे चूक झाली म्हणून तिथे जुळत नाही. बाकी कुठलीही किंमत टाका, पकडली जाणार.

गॅरंटीबद्दल. या गणितात अंश फार तर x² पर्यंत जातो, म्हणून चुकीचा आणि बरोबर यांच्यातला फरक पण फार तर x² चा, आणि तो फार तर दोन ठिकाणी शून्य होतो. तीन वेगवेगळ्या ठिकाणी जुळलं की फरक नाहीच, सिद्ध झालं. एका ठिकाणी जुळलं तर सिद्ध काही होत नाही, पण चुकीच्या उत्तराचा फरक नेमका त्याच ठिकाणी शून्य होईल हा योगायोग व्हावा लागतो. एकच स्थिरांक चुकला असेल तर कुठलीही किंमत त्याला पकडतेच, कारण दुसरी चूक नसेल तर पहिलीला झाकणार कोण.

लहानपणी गुणाकाराचा नवाचा ताळा करायचो आठवतंय का? अंकांची बेरीज करत एका अंकावर आणायचं. 45 च्या जागी 54 लिहिलं तर तो ताळा खुशाल जुळतो, तरी लोक तो करायचेच कारण बहुतेक चुका त्यात अडकतात. हे तसंच चाळण आहे.

गणोबा

पटलं. पण परत एकत्र करणं हे CET ला कोणाला जमणार, दीड तासात पन्नास गणितं असतात, तिथे (x − 1)(x + 2) उलगडत बसायचं का?

सोल्डरगन

गणोबा, CET साठी एक सोपा उपाय आहे, आम्ही इंजिनिअरिंगला लाप्लास करताना वापरायचो. x ला शून्य नका करू, उलट प्रचंड मोठा करा. x एक कोटी असेल तर 4x² + 3x + 2 मध्ये 4x² सोडून कोणाला काही किंमत नाही, आणि छेद जवळपास x³, म्हणजे मूळ अपूर्णांक साधारण 4/x. उजवीकडे A/(x − 1) झालं A/x, B/(x + 2) झालं B/x, आणि C/(x + 2)² इतका बारीक की सोडून द्या. म्हणजे A + B = 4 यायलाच हवं. नोट्स: 1 + 3 = 4. ताईंची मुलगी: 1 − 1 = 0. लिहायची पण गरज नाही, नुसतं बघून कळतं.

लाप्लासमध्ये याचा अर्थ पण लागतो, ती बेरीज म्हणजे t = 0 ला सिग्नलची सुरुवातीची किंमत. 1/(s(s + 1)) सारखं काही असेल तर वरची बेरीज शून्य यायला हवी, 1/s − 1/(s + 1), बघा 1 − 1 = 0. ती आली नाही तर सर्किट बटण दाबायच्या आधीच चालू झालं म्हणायचं.

छेदातला एकेक कंस झाकून A, C काढायची जी ट्रिक आहे ती हेविसाइडच्या नावाने ओळखतात, आणि हेविसाइड मुळात टेलिग्राफचा माणूस, त्यामुळे या विषयावर आमचा थोडा हक्क आहे 😄

कोपऱ्यातला_खडू

सोल्डरगन, मस्त. फक्त एक ध्यानात ठेवा, मोठ्या x चा ताळा C ला बघतच नाही. C चुकला आणि A, B बरोबर, तर हा ताळा हसत पास करेल. x = 0 जसा शेवटचा आकडा बघतो तसा हा पहिला आकडा बघतो, 4x² मधला 4. मधला 3x दोघांनाही दिसत नाही.

सोल्डरगन

मान्य. म्हणून मी हा आणि एक साधी किंमत असे दोन्ही करतो.

माझी स्वतःची जखम पण सांगतो. सेकंड इयरला एम-थ्रीच्या पेपरात x²/(x² − 1) सारखा प्रकार आला होता, मोठ्या गणितात लपलेला. मी सरळ A/(x − 1) + B/(x + 1) मांडलं, A = 1/2, B = −1/2, आणि खूश. ताळा केलाच नाही. अख्ख्या गणिताचे मार्क गेले. घरी येऊन x = 0 टाकला तर मूळ 0 आणि माझं −1/2 − 1/2 = −1. x = 2 टाकला तर मूळ 4/3 आणि माझं 1/2 − 1/6 = 1/3. दोन्हीकडे नेमका 1 चा फरक! तेव्हा डोक्यात उजेड पडला की वर आणि खाली दोन्हीकडे x² असल्यामुळे आधी भागाकार करायला हवा होता, तो भागाकाराचा 1 मी खाऊन टाकलेला. A आणि B बरोबरच होते.

कोपऱ्यातला_खडू

हे फार उपयोगी सांगितलंत. वर्गात मी मुलांना हेच म्हणतो की ताळा नुसता "चूक" म्हणत नाही, थोडं ऐकलं तर काय चूक तेही सांगतो. दोन ठिकाणी फरक सारखाच आला तर भागाकार राहिलाय का ते आधी बघायचं. फरक दर वेळी वेगळा येत असेल तर एखादा स्थिरांक.

बंड्या_बारावी_ब

सर एक विचारू का, राग मानू नका. तुम्ही वर लिहिलंय की एकच स्थिरांक चुकला तर कुठलीही किंमत पकडते. हे माझ्या गणितात होत नाहीये.

(3x² + 2x − 1) / ((x − 1)(x² + 1))

मी A/(x − 1) + (Bx + C)/(x² + 1) घेतलं. A = 2, C = 3 आणि B मी चुकून −1 काढला, खरा 1 आहे हे मित्राने सांगितलं. मी ताळ्याला x = 0 टाकला, मूळ (−1)/(−1) = 1, माझं −2 + 3 = 1. जुळलं. आणि माझा एकच स्थिरांक चुकलाय, दोन नाही. B काढताना मी x = 0 वापरला पण नव्हता, x² चे सहगुणक जुळवले होते आणि तिथे वजाबाकी उलटी केली.

कोपऱ्यातला_खडू

राग कसला, बरोबर पकडलंस. मी लिहिताना डोक्यात फक्त (x − 1), (x + 2) सारखे छेद होते, त्यांच्या डोक्यावर नुसता आकडा असतो. तुझ्या गणितात B च्या शेजारी x बसलाय, आणि x = 0 केलं की B कितीही असला तरी Bx शून्य. त्यामुळे x² + 1 सारखा छेद असेल तर x = 0 हा B पुरता आंधळा. माझं वाक्य तेवढं दुरुस्त करून वाचा सगळ्यांनी.

तू x = −1 टाकून बघ. वर 3 − 2 − 1 = 0, म्हणजे मूळ अपूर्णांक शून्य. बरोबर उत्तर 2/(−2) + (−1 + 3)/2 = −1 + 1 = 0. तुझं −1 + (1 + 3)/2 = 1. पकडला.

बंड्या_बारावी_ब

हो आलं सर. आणि सोल्डरगन दादांच्या पद्धतीने A + B = 3 यायला हवं, माझं 2 − 1 = 1. ते तर एका सेकंदात कळलं असतं 😭

सोल्डरगन

😎 आणि x = i टाकलास तर x² + 1 शून्य होतो, छेदाने गुणलेल्या ओळीत टाकलं की B आणि C एकदमच हातात येतात. अकरावीला कॉम्प्लेक्स झालंय ना?

कोपऱ्यातला_खडू

अहो त्यांना नका अजून त्यात ओढू. i² = −1 च्या गुणाकारात नवीन चिन्हाच्या चुका होतात आणि मग ताळ्याचाही ताळा करावा लागतो.

सोल्डरगन

मला नाही पटत सर, दोनच ओळींचं काम आहे. पण असो, तुमचे विद्यार्थी.

गणोबा

मग थोडक्यात कुठली किंमत घ्यायची ते सांगा. प्रत्येक जण वेगळी सांगतोय.

पाऊसवेडा

मी आता नीट बसून वाचलं सगळं आणि वहीत करून पण बघितलं. मला x = 10 आवडली. ताईंच्या गणितात वर 4x² + 3x + 2 म्हणजे थेट 432, आकडे शेजारी शेजारी लिहायचे फक्त! खाली 9 × 144 = 1296. 432/1296 म्हणजे 1/3. आणि नोट्सचं उत्तर 1/9 + 3/12 − 4/144, म्हणजे छत्तिसाच्या छेदात 4 + 9 − 1 = 12, 12/36 = 1/3. सुंदर! मुलीचं 4 − 3 + 1 = 2, म्हणजे 1/18. सकाळचं प्रायश्चित्त झालं माझं.

कोपऱ्यातला_खडू

वा. 10 चांगलीच आहे, फक्त अंशात उणे पद असलं की आकडे शेजारी ठेवून चालत नाही. आणि छेद मोठे होतात, परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो. मी बहुधा 2 किंवा −1 घेतो. छेद शून्य होईल ती किंमत सोडायची, स्थिरांक काढायला वापरली ती सोडायची, आणि छेदात x² + काहीतरी असेल तर 0 सोडायची. उरलेल्यातली जी हाताला सोपी ती.

परत एकत्र करणं मी कधी सांगतो तर ताळा जुळत नाही आणि चूक सापडत नाही तेव्हा. x = 2 ला 3/2 च्या जागी 1 आलं एवढ्याने चूक कुठली ते कळत नाही, पण 4x² च्या जागी 0 आणि 3x च्या जागी 7x दिसलं की कुठे खणायचं ते कळतं.

रानजाई

सर, अजून एक छोटं. ताळा पेपरात लिहायचा का? त्याचे मार्क मिळतात का?

कोपऱ्यातला_खडू

वेगळे मार्क मी तरी दिले नाहीत कधी, कच्च्या कामात करा. पण माझे एक सहकारी आहेत, त्यांचं म्हणणं समासात एक ओळ लिहावी, तपासणाऱ्याचा मूड बदलतो. आमचा यावर स्टाफरूममध्ये अजून वाद चालू आहे.

सोल्डरगन

माझ्या मते खोडून टाकलेला ताळा जास्त नुकसान करतो. तपासणाऱ्याला वाटतं मुलाला स्वतःलाच खात्री नाही.

गणोबा

मी असतो तर लिहिलाच असता.

रानजाई

रात्रीचे अकरा वाजलेत आणि आमच्याकडे अजून हेच चालू आहे. लेकीला आता ताळ्याचं वेड लागलंय, नोट्समधलं प्रत्येक उत्तर तपासत बसलीय. पुढचं गणित (x + 5)/((x − 1)(x + 2)). नोट्समध्ये 2/(x − 1) + 1/(x + 2). तिचं 2/(x − 1) − 1/(x + 2). x = 2 टाकलं तर मूळ 7/4, तिचं 2 − 1/4 = 7/4, आणि नोट्सचं 9/4! मोठ्या x ला पण बेरीज 1 यायला हवी, नोट्सची 3 येतेय. या वेळी खरंच नोट्स चुकल्यात ना सर? सकाळपासून माझा विश्वासच उडालाय.

कोपऱ्यातला_खडू

या वेळी नोट्सच चुकल्यात. x = −2 ला 3 = −3B, B = −1. तिथला उणे छपाईत गळला.

गणोबा

रात्री अकराला उत्तरांची पानं. मी काय म्हटलं होतं?